लवकर निवृत्तीनंतरची दुपार : कंटाळ्यात न मोडणारा दिनक्रम कसा आखावा

पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान नोकरी सोडणारी माझ्या ओळखीतली बहुतेक माणसे पैशांची बाजू चोख करून बाहेर पडतात. वार्षिक खर्चाच्या तीसपट रक्कम, आरोग्य विमा, दोन-तीन वर्षांचा खर्च मुदत ठेवीत, मुलांच्या शिक्षणाची वेगळी तरतूद असे सगळे तक्त्यात मांडलेले असते. दिवसाचे काय, असे विचारले की मात्र ‘वेळ मिळाला की करायच्या’ गोष्टींची यादी पुढे येते, आणि ती यादी साधारण चौथ्या महिन्यात संपते. चूक यादीत नसून क्रमात असते. दिनक्रमाचा विचार निवृत्तीनंतर सुरू होतो, तर त्याची निम्मी तयारी पगार चालू असतानाच करावी लागते.

मी स्वतः पुण्यातील सॉफ्टवेअर क्षेत्रातली नोकरी २०२२ च्या मे महिन्यात, वयाच्या ४७ व्या वर्षी सोडली आणि पुढे लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक केल्या. पायऱ्यांचा क्रम त्या चुकांमधूनच ठरला आहे, म्हणून तो शक्यतो बदलू नये.

१. राजीनाम्यापूर्वी : दोन आठवड्यांची नोंद

एक साधी वही घ्यावी आणि कामाच्या दहा दिवसांत रोज संध्याकाळी एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे : आज कोण माझी वाट पाहत होते, आणि कशासाठी? किती मीटिंगा झाल्या, किती काम उरकले हे लिहू नये. नोकरी पगाराखेरीज जे देते, ते या एका प्रश्नात बरेचसे सापडते. माझ्या वहीत ‘साडेदहाला टीम’, ‘चाचणीचा अहवाल कधी देताय असे विचारणारा सहकारी’, ‘चहाला थांबलेला शेजारच्या विभागातला मित्र’ अशा ३४ नोंदी निघाल्या. त्यांतल्या कामाच्या निम्म्या नोंदींचा मला मनापासून वैताग होता. तरीही नोकरी सुटल्यावर त्या ३४ जागा एकदम रिकाम्या होणार होत्या, आणि ते मला वहीत पाहूनही उमगले नाही.

वहीच्या दुसऱ्या बाजूला ‘वेळ मिळाला की’ची यादी लिहावी आणि प्रत्येक गोष्टीपुढे गेल्या वर्षभरात तिला दिलेले तास मांडावेत. शनिवार-रविवार, सुट्ट्या सगळे धरून ज्या गोष्टीला चार तासही मिळाले नाहीत, ती बहुधा आवड नसते, आवडीची कल्पना असते. माझ्या यादीत सतार होती. ती घरात अकरा वर्षे खोळीत होती. अशा गोष्टी खोडू नयेत, वेगळ्या पानावर न्याव्यात. पण दिवसाचा आराखडा त्यांच्या भरवशावर उभा करू नये.

*तपासणी :* चार तासांची चाळणी लावल्यावर यादीत निदान दोन गोष्टी उरल्या पाहिजेत. एकही उरली नाही, तर राजीनामा सहा महिने पुढे ढकलावा आणि त्या काळात शनिवारची सकाळ प्रयोगासाठी राखून ठेवावी.

२. चार आठवड्यांची रंगीत तालीम

साठलेली अर्जित रजा सलग चार आठवडे घ्यावी आणि ती घरीच काढावी. प्रवास नको, घराची रंगरंगोटी नको, गावच्या घराची कामेही नकोत. पहिला आठवडा झोपेत जातो. दुसरा कपाटे आवरण्यात आणि बँकेच्या खोळंबलेल्या कामांत जातो, आणि माणूस म्हणतो, हे तर छान आहे. खरी परिस्थिती तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागते, म्हणून दोन आठवड्यांच्या रजेवरून काहीही ठरवू नये. तेवढ्या रजेत फक्त थकवा उतरतो.

या चार आठवड्यांत विशेष लक्ष दुपारी दोन ते पाच या वेळेवर ठेवावे. सकाळ फिरणे, पेपर, अंघोळ, भाजी यांत कशीही जाते; संध्याकाळी लोक घरी येतात. दुपारी मात्र सोसायटीत सुरक्षारक्षक, पार्सलवाले आणि सत्तरीच्या पुढची मंडळी एवढेच असतात, आणि आपल्या वयाची माणसे कामावर गेलेली असतात. लवकर निवृत्तीची अडचण नेहमीच्या निवृत्तीपेक्षा वेगळी आहे ती इथे. साठीनंतर निवृत्त होणाऱ्याबरोबर त्याची पिढीही मोकळी झालेली असते. सत्तेचाळिसाव्या वर्षी मोकळा झालेला माणूस आपल्या पिढीत एकटाच मोकळा असतो.

*सावधान :* तालीम मे महिन्यात किंवा दिवाळीत घेऊ नये. तेव्हा सगळेच घरी असतात आणि दुपार रिकामी भासत नाही. जुलैच्या किंवा जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू केलेली योग्य.

*तपासणी :* चौथ्या आठवड्यात फोनमधला स्क्रीनवरच्या वेळेचा आकडा पाहावा. दुपारच्या तीन तासांपैकी दोनांहून अधिक तास फोनवर जात असतील, तर दुपारसाठी तुमच्याकडे अजून काहीही नाही, असे समजावे.

३. नोटीस पिरियडमध्ये घरातली बोलणी

आमच्या क्षेत्रात नोटीस पिरियड बहुधा ९० दिवसांचा असतो. तो ज्ञान-हस्तांतरणात आणि निरोपाच्या जेवणांत घालवण्याऐवजी त्यातला थोडा वेळ घरच्यांशी घराच्या वापराबद्दल बोलण्यासाठी ठेवावा. हे बोलणे ‘आता आपल्याला एकमेकांसाठी वेळ मिळेल’ या वाक्यावर थांबता कामा नये. कोण कोणत्या खोलीत, किती ते किती, दुपारचे जेवण कोण करणार, पाहुणे येतात तेव्हा कोण कुठे बसणार, इतके ते ठोस असावे.

आमच्याकडे हे झाले नाही. माझी पत्नी शाळेत शिकवते आणि दीड वाजता घरी येते. पंधरा वर्षे दीड ते साडेतीन हे तिचे दोन तास होते. दार लोटून, पंखा लावून, कोणाशीही न बोलता काढलेले. मी घरी बसू लागल्यावर पहिल्या आठवड्यात तिच्यासाठी कौतुकाने चहा ठेवला, दुसऱ्या आठवड्यात मसाल्याच्या डब्यांना लेबले लावली, आणि तिसऱ्या आठवड्यात ती शांतपणे म्हणाली, “तू घरी असलास की मला घरी आल्यासारखं वाटत नाही रे.” तिचे काही चुकले नव्हते. मी माझा रिकामा वेळ तिच्या भरलेल्या वेळात ओतत होतो.

तेव्हापासून आमच्याकडे नियम असा आहे की सोमवार ते शुक्रवार दुपारी एक ते चार मी घराबाहेर असतो. कुठे जायचे, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला, आणि माझ्या दिनक्रमाला खरी सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

*नेहमीची चूक :* जोडीदार नोकरी करत असेल, तर घरकाम आपोआप वाटले जाईल असे गृहीत धरणे. ‘मदत करतो’ म्हणू नये. दोन-तीन कामे पूर्णपणे आपल्याकडे घ्यावीत, तीही त्यांचा विचार करण्याच्या ओझ्यासह. गॅस बुक करणे, भाजी, वडिलांच्या औषधांचा डबा भरणे ही माझ्याकडची तीन.

४. पहिले नव्वद दिवस : फक्त चार खुंट्या

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून तासातासाचे वेळापत्रक लावणारे बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात ते सोडून देतात, कारण ते मोडले तरी कोणाचे काही अडत नाही. म्हणून पहिले तीन महिने दिवसाला चारच खुंट्या ठोकाव्यात : उठण्याची वेळ, घराबाहेर पडण्याची पहिली वेळ, दुपारच्या जेवणाची वेळ आणि दिवे मालवण्याची वेळ. मधले सगळे मोकळे ठेवावे. माझ्या खुंट्या सहा, साडेसहा, साडेबारा आणि साडेदहा अशा होत्या आणि आजही आहेत. यांतली घसरते ती बहुधा चौथी. उद्या कुठे जायचे नसते, म्हणून रात्री एकपर्यंत मालिका चालतात, मग पहिली खुंटी निखळते आणि आठवड्याभरात चारही.

घराबाहेर पडण्याच्या खुंटीला पावसाळी पर्याय आधीच ठरवावा. मे महिन्यात मी रोज तळजाईची टेकडी चढत होतो आणि स्वतःवर खूश होतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला, चार दिवस खाडा झाला आणि पुढचे दोन महिने मी सकाळी गॅलरीत उभा राहून पाऊस पाहत होतो. आता जून ते सप्टेंबर त्याच वेळी जवळच्या बॅडमिंटन हॉलमध्ये तिघांबरोबर खेळतो. तिथे दुहेरीला चौथा गडी कमी पडला तर फोन येतो, आणि तो फोन माझ्या निश्चयापेक्षा अधिक भरवशाचा आहे.

*सावधान :* या नव्वद दिवसांत मोठा आणि न फिरवता येणारा निर्णय घेऊ नये. मुळशीकडे शेतजमीन, ओळखीच्याबरोबर कॅफे, गावी कायमचे राहायला जाणे हे तीन विचार जवळपास प्रत्येकाला याच काळात सुचतात. ते वहीत तारखेसह लिहावेत आणि एक वर्षाने पुन्हा वाचावेत.

५. काम शोधणे : सहा-सहा आठवड्यांचे तीन प्रयोग

‘आयुष्याचा हेतू काय’ या प्रश्नावर विचार करत बसल्याने उत्तर मिळत नाही. त्याऐवजी एका वेळी एकच काम सहा आठवडे करून पाहावे, आणि असे तीन प्रयोग झाल्यावरच निवड करावी. कामाला तीन कसोट्या लावाव्यात. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी कोणीतरी आपली वाट पाहते का? सहा आठवड्यांपूर्वी येत नव्हते असे काही आता येते का? आणि मन नसलेल्या दिवशीही ते काम निभावता येते का? तिन्ही कसोट्यांना एकच काम उतरेल असा हट्ट धरू नये. दोन कामे मिळून तिन्ही पूर्ण झाल्या तरी चालते.

माझा पहिला प्रयोग फसला तो अपुऱ्या चौकशीमुळे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतात हे ऐकून मी उत्साहाने नाव द्यायला गेलो. तिथे कळले की विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक साधारणपणे त्याच्यापेक्षा कमी शिकलेला असावा लागतो, म्हणजे दहावीच्या मुलाला नववीचा मुलगा चालतो, पदवीधर अभियंता चालत नाही. नियम योग्यच आहे, पण इतकी वर्षे शिकून आपण बाद ठरलो, हे पचवायला एक दिवस लागला. समन्वय पाहणाऱ्या बाईंनीच मग सुचवले की वाचायला माणसे हवी आहेत : पाठ्यपुस्तके आणि नोट्स मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायच्या.

हे काम दिसते तितके सोपे नाही. दहा पानांचा धडा नुसता वाचायला पाऊण तास लागतो. अडखळलेली वाक्ये पुन्हा वाचणे, पानाचा क्रमांक आणि शीर्षक सांगणे, आकृती शब्दांत उभी करणे हे धरून दीड तास. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला मागणीचा वक्र न दाखवता कसा सांगायचा, यावर मी पहिल्या वेळी वीस मिनिटे अडलो होतो. आता आधी आडव्या अक्षावर काय आणि उभ्यावर काय ते सांगतो, मग रेषा कुठून कुठे उतरते ते, आणि मगच तिचा अर्थ. ही सवय लागायला महिना गेला. पण पाचव्या आठवड्यात एका मंगळवारी बी.ए. करणाऱ्या मुलीचा फोन आला, “काका, सातवा धडा आला नाही अजून,” आणि नोकरी सोडल्यावर प्रथमच मी उशिराबद्दल कोणाची तरी माफी मागितली. पहिली कसोटी उतरल्याची ती खूण होती.

दुसरा प्रयोग मोडी लिपीचा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात, आणि पुणे पुरालेखागारात पेशवे दफ्तरातल्या कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. त्यामुळे शिकल्यावर वाचायचे काय, हा प्रश्न इथे येत नाही. मुळाक्षरे काही आठवड्यांत येतात. अडचण नंतर सुरू होते. मोडीत आधी ओळ आखून मग तिला लटकलेली अक्षरे लिहितात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे कुठे शब्द तुटतो हे अर्थावरूनच ठरवावे लागते. प्रगती मोजण्यासाठी मी रोज एकाच पानाचे लिप्यंतर करून न लागलेल्या शब्दांखाली रेघ मारत असे. पहिल्या पानावर ४१ रेघा होत्या, सहा आठवड्यांनी तशाच वळणाच्या पानावर १७. दुसरी कसोटी उतरली ती अशी. तिसरी मात्र मोडीला उतरली नाही. डोके शिणलेले असले की एक ओळही लागत नाही.

तिसरा प्रयोग सोसायटीच्या समितीचा होता. तो सहा आठवडे पूर्ण करून सोडला, आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. फक्त एवढेच सांगतो की नव्याने मोकळ्या झालेल्या माणसाकडे समितीचे सचिवपद आपण होऊन चालत येते. ते तिसऱ्या प्रयोगाआधी स्वीकारू नये.

*नेहमीच्या दोन चुका :* पहिली, तिन्ही प्रयोग एकदम सुरू करणे. मग कोणत्या कामाने दिवस सावरला हे कळत नाही. दुसरी, जुन्याच क्षेत्रात ‘सल्लागार’ म्हणून लगेच काम घेणे. पैशांसाठी ते ठीक आहे, पण पहिल्या वर्षात घेतले तर दुपारचा प्रश्न न सुटता फक्त पुढे ढकलला जातो.

६. कंटाळ्याचा खर्च वेगळा मोजणे

बाजार कोसळला तर काय करायचे हे आपण लिहून ठेवतो. मार्च २०२० च्या पडझडीत मी एकही युनिट विकले नाही. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये, जेव्हा घाबरण्यासारखे काहीही नव्हते, तेव्हा रिकाम्या दुपारी मी म्युच्युअल फंडांची अकरा वेळा अदलाबदल केली आणि त्यापायी लवकर बाहेर पडण्याचे शुल्क, म्हणजे एक्झिट लोड, व अल्पकालीन नफ्यावरचा कर भरला. शेजारच्या इमारतीतले माझ्यासारखेच एक गृहस्थ दुपारी ऑप्शनमध्ये व्यवहार करू लागले होते आणि मलाही बोलावत होते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. मी गेलो नाही, त्याचे श्रेय शहाणपणाला नाही. त्या आठवड्यात धडे वाचायचे होते.

हिशोब असा करावा. माझा आराखडा महिना ९०,००० रुपयांवर बेतलेला होता, म्हणजे वर्षाला १०.८० लाख, आणि तीसपट धरून ३.२४ कोटी. पहिल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च महिन्याला १,१८,००० निघाला. वाढीतला काही भाग महागाईचा होता. उरलेला बाहेरचे खाणे, दुपारी मागवलेल्या वस्तू, ‘जरा बदल म्हणून’ केलेल्या सहली आणि दोनदा वापरलेला कॅमेरा. वर्षाला १४.१६ लाख या दराने तेच ३.२४ कोटी तीसपट न राहता साधारण तेवीसपट होतात. बाजार जागचा न हलता सात वर्षांचा खर्च आराखड्यातून नाहीसा झाला होता.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. खर्चाच्या नोंदीत ‘कंटाळा’ असा एक स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्याला मर्यादा द्यावी. माझी महिन्याला ६,००० रुपये आहे. मर्यादा शून्य ठेवू नये, कारण मग तो खर्च ‘किराणा’ या नावाखाली लपतो. आणि गुंतवणूक पाहण्याचा दिवस ठरवावा. आमच्याकडे तो दर तिमाहीचा पहिला शनिवार असतो, सकाळी, दोघांनी मिळून. अॅप फोनवरून काढून फक्त घरच्या संगणकावर ठेवले आहे.

*तपासणी :* कंटाळ्याच्या रकान्यातला आकडा सलग दोन महिने मर्यादेबाहेर गेला, तर खर्चाला कात्री लावण्याआधी दुपारचे वेळापत्रक तपासावे.

७. दर सहा महिन्यांनी फेरतपासणी

दिनक्रम सणांमध्ये मोडतो, आणि मोडावा. गणपतीचे दहा दिवस व दिवाळी यांत त्याला धरून बसण्यात अर्थ नाही. परत सुरू करण्याची तारीख मात्र आधीच दुसऱ्या कोणाला सांगून ठेवावी. मी वाचनाच्या गटाला भाऊबीजेनंतरचा सोमवार कळवतो.

जून आणि डिसेंबरमध्ये पहिल्या पायरीतली वही काढून तोच प्रश्न दहा दिवस पुन्हा विचारावा : आज कोण माझी वाट पाहत होते? माझ्याकडे पहिल्या डिसेंबरात १० नोंदी होत्या, गेल्या जूनमध्ये २१. चौतीसपर्यंत जाण्याची मला गरज वाटत नाही, पण दहाच्या खाली आकडा गेला की नवा सहा आठवड्यांचा प्रयोग सुरू करतो.

एक भेद या तपासणीत जपून करावा. कंटाळलेल्या माणसाला काहीतरी हवे असते आणि ते सापडत नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा होत असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर ते वेळापत्रकाने सुटणारे काम नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जावे, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते.

माझा सध्याचा आठवडा नमुन्यादाखल देतो. सोमवार, मंगळवार व गुरुवारी दुपारी एक ते चार ध्वनिमुद्रण, बुधवारी व शुक्रवारी त्याच वेळेत मोडी. सकाळी बॅडमिंटन किंवा तळजाई. भाजी मंगळवारी आणि शनिवारी. रविवारची दुपार कोरी ठेवली आहे. सतार अजून खोळीतच आहे.